राउंडवरची पाच मिनिटे

मेडिसिन विभागात नुकत्याच रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी हे पुस्तक आहे आणि त्यांच्या एकाच कामाविषयी आहे. आदल्या दिवशी आणि रात्री दाखल झालेले रुग्ण पोस्ट-इमर्जन्सी राउंडला युनिटच्या वरिष्ठांपुढे मांडण्याचे हे काम. नव्या रुग्णाला पाच मिनिटे मिळतात, कधी तीनच. रांगेत आणखी पंचवीस-तीस खाटा असतात, आणि रुग्णाच्या पुढच्या चोवीस तासांचे बहुतेक निर्णय त्याच पाच मिनिटांत होतात.

पदवीच्या काळात विद्यार्थी जी मांडणी शिकतो, ती परीक्षेच्या लाँग केसची. तिथे परीक्षकाला पाहायचे असते की विद्यार्थ्याने काही विचारायचे सोडले नाही ना. म्हणून तक्रारी, प्रत्येक तक्रारीचा उगम, कालावधी आणि वाढ, मग पूर्वेतिहास, कौटुंबिक इतिहास, आहार, झोप, सवयी असे सगळे क्रमाने म्हणायचे असते. तिथे रुग्ण स्थिर असतो, निदान बहुधा आधीच झालेले असते आणि उपचार कोणी थांबवून धरलेले नसतात. वॉर्डातल्या मांडणीचा हेतू वेगळा आहे. ऐकणाऱ्याला निर्णय घ्यायचा आहे, आणि त्या निर्णयाला लागेल तेवढेच, लागेल त्या क्रमाने त्याच्यासमोर ठेवायचे आहे. दोन्ही ठिकाणी शीर्षके तीच असल्यामुळे हा फरक लक्षात येत नाही, आणि पहिले सहा महिने तरुण डॉक्टर राउंडवर परीक्षा देत राहतात.

क्रम चार भागांचा आहे. रुग्णाने काय सांगितले, मला तपासणीत काय आढळले, त्यावरून मला काय वाटते आणि मी काय करणार आहे. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1968 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रुग्णाच्या नोंदी समस्यांनुसार लिहिण्याची पद्धत मांडली. तिच्यातला दैनंदिन नोंदीचा हाच क्रम पुढे ‘सोप’ या आद्याक्षरांनी जगभर रुळला. तो टिकला त्याचे कारण साधे आहे. या चार गोष्टींवर सारखा विश्वास ठेवता येत नाही. रुग्णाची आठवण चुकू शकते, माझा कान चुकू शकतो, माझा तर्क चुकू शकतो, आणि या तिन्ही चुका वेगवेगळ्या प्रकारे शोधाव्या लागतात. चारही भाग एकमेकांत मिसळले की चूक नेमकी कुठे आहे हे ऐकणाऱ्याला सापडत नाही. पुस्तकात पुढे बऱ्याच केसेस आहेत. या प्रस्तावनेत मी एकच घेणार आहे, पण ती शेवटपर्यंत नेणार आहे.

ही रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही. विदर्भात सप्टेंबरमध्ये वॉर्डात येणाऱ्या अनेक स्त्रियांवरून ती तयार केली आहे. वय 34, शेतमजूर, नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन रात्री दोन वाजता आली. सकाळी राउंडला तिची मांडणी अशी होते:

“सर, बेड नंबर अकरा, डेंग्यूची पेशंट, रेफर होऊन आली आहे. प्लेटलेट्स 58 हजार. एक्स-रेमध्ये दोन्हीकडे हेझीनेस आहे. ताप आठ दिवस आहे, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू आहे. रात्री धाप होती, ऑक्सिजन लावलाय, आता सॅच्युरेशन 94 आहे. फ्लुइड्स चालू आहेत. प्लेटलेट्ससाठी ब्लड बँकेला फॉर्म पाठवलाय.”

यातले ‘डेंग्यूची पेशंट’ एवढे सोडले तर बाकी काहीही खोटे नाही. तरीही ही मांडणी रुग्णाला धोक्यात घालते. पहिल्याच वाक्यात निदान आले, आणि ते मांडणाऱ्याचे स्वतःचे नाही, चिठ्ठीवरचे आहे. त्यानंतरचा प्रत्येक आकडा ऐकणारा डेंग्यूच्या चष्म्यातून ऐकतो. प्लेटलेट्स कमी, म्हणजे डेंग्यू. धाप, म्हणजे डेंग्यूत छातीत पाणी झाले असेल. फ्लुइड्स, म्हणजे बरोबरच आहे. वरिष्ठ थकलेले असतील, पुढच्या खाटेवरचा रुग्ण गंभीर असेल, तर राउंड पुढे सरकतो आणि या बाईला तिचे खरे औषध आणखी एक दिवस मिळत नाही.

आता इतिहासापासून सुरुवात करू. चिठ्ठीवरचे निदान आणि तिथला रॅपिड टेस्टचा निकाल सांगायलाच हवा, पण त्याची जागा ‘आधी झालेले उपचार आणि तपासण्या’ ही आहे. इतिहासाचे पहिले वाक्य रुग्ण कोण आहे आणि तिला कशाने इथे आणले, याचे असते. “34 वर्षांची शेतमजूर स्त्री, आठ दिवस थंडी वाजून ताप आणि तीन दिवसांपासून वाढत गेलेली धाप.” यात वय, काम, दोन तक्रारी आणि त्यांचा कालावधी आहे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात यादी तयार व्हायला एवढे पुरते, आणि ती यादी तो स्वतः तयार करतो.

त्यानंतर घटना तारखांनी नव्हे, आजाराच्या दिवसांनी सांगायच्या. पहिल्या दिवसापासून ताप, डोकेदुखी, अंगदुखी. चौथ्या दिवशी कोरडा खोकला. सहाव्या दिवशी चालताना धाप, काल रात्रीपासून बसल्या जागीही धाप. “सोमवारी ताप आला, गुरुवारी खोकला” असे सांगितले की ऐकणाऱ्याला मनात वजाबाकी करत बसावे लागते, आणि तापाच्या आजारात कितवा दिवस आहे यावर बरेच काही ठरते. डेंग्यूमध्ये रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपण्याचा धोक्याचा काळ साधारणपणे ताप उतरण्याच्या सुमारास, चौथ्या ते सातव्या दिवसांत येतो. हिचा ताप आठव्या दिवशीही 102 च्या वर आहे आणि धाप वाढतेच आहे. दिवस मोजून सांगितले तर ही विसंगती आपोआप कानाला खटकते.

आता उपचारांचा इतिहास. बहुतेक मांडण्यांत तो “बाहेर ट्रीटमेंट घेतली” एवढ्यावर उरकला जातो. हिला पाचव्या दिवसापासून तीन दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने मिळाली आणि ताप तसूभरही उतरला नाही. हे वाक्य म्हणजे एक तपासणीच आहे, आणि ती फुकटात झालेली आहे. लेप्टोस्पायरोसिसवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालते, तेव्हा तीन दिवसांनंतर काहीतरी फरक दिसायला हवा होता. टायफॉइडवरही ते चालते, पण तिथे ताप उतरायला पाच-सहा दिवस लागू शकतात, म्हणून टायफॉइड यावरून पूर्ण बाद होत नाही. आणि काही जंतू असे आहेत की ज्यांच्यावर या गटातल्या औषधांचा काहीच परिणाम होत नाही, कारण ते आपल्या पेशींच्या आत राहतात आणि या औषधांना हल्ला करायला हवी तशी भिंत त्यांना नसते. म्हणून औषधाचे नाव, किती दिवस, आणि ताप उतरला का, या तीन गोष्टी सोडू नयेत.

बाकीच्या इतिहासातून काय घ्यायचे? जे निदान बदलेल किंवा उपचार बदलेल तेवढेच. ही बाई गेले तीन आठवडे शेतात निंदणाला जात होती आणि बांधावरचे गवत कापत होती, हे आवश्यक आहे. मधुमेह, क्षयरोग, हृदयविकार नाही, हे एका वाक्यात. लघवी व्यवस्थित होते आहे, कुठूनही रक्तस्राव नाही. शेवटची पाळी दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेली. हे शेवटचे वाक्य तरुण डॉक्टर तापाच्या रुग्णात हमखास वगळतात, आणि मग औषध ठरवताना सगळा राउंड थांबून कोणीतरी रुग्णाला भर वॉर्डात तो प्रश्न विचारतो. गर्भवती असती तर औषध बदलले असते, म्हणून हे इतिहासातच यायला हवे. घरची माणसे किती, जेवण शाकाहारी की मांसाहारी, हे कागदावर लिहिलेले असू द्या, राउंडवर म्हणू नका.

तपासणीच्या भागात सुरुवात आकड्यांनी होते, आणि आकड्याला वेळ आणि संदर्भ लागतो. “सॅच्युरेशन 94” या शब्दांना अर्थ नाही. रात्री दोन वाजता ऑक्सिजनशिवाय 86, आता सकाळी आठ वाजता मास्कने मिनिटाला 6 लिटर ऑक्सिजनवर 94, श्वासाची गती तेव्हा 28 आणि आता 32, असे म्हटले की चित्र उलटे होते. पहिल्या मांडणीतली ‘रात्री धाप होती’ ही बाई सकाळपर्यंत बरी झालेली नाही, ती बिघडत चालली आहे आणि ऑक्सिजनने ते झाकले आहे. नाडी 118, रक्तदाब 96/60, ताप 102.4. शुद्धीवर आहे, प्रश्नांची नीट उत्तरे देते, मान ताठ नाही. डोळ्यांत हलकी कावीळ. मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी क्रेपिटेशन्स. यकृत दोन सेंटिमीटर हाताला लागते, प्लीहेचे टोक लागते. पोटऱ्या दाबल्यावर दुखत नाहीत, डोळे लाल नाहीत. शेवटच्या दोन नकारात्मक गोष्टी मुद्दाम सांगितल्या आहेत, कारण लेप्टोस्पायरोसिस ऐकणाऱ्याच्या मनात असणार.

आणि उजव्या काखेत सुमारे आठ मिलिमीटरचा, न दुखणारा, काळी खपली धरलेला व्रण, भोवती लालसर कडा, शेजारच्या गाठी सुजलेल्या.

याला एस्कर म्हणतात. स्क्रब टायफसचा जंतू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, गवताझुडपात राहणाऱ्या अतिसूक्ष्म माइटच्या अळीच्या चाव्यातून शरीरात शिरतो, आणि जिथे ती अळी चावते तिथे काही रुग्णांत असा व्रण उठतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात या आजाराची मोठी साथ आली, तेव्हापासून विदर्भातल्या वॉर्डात हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. तरीही व्रण सुटतो, आणि सुटण्याचे कारण अज्ञान क्वचितच असते. तो काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेच्या नाडीखाली, कानामागे असतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण स्वतः सांगत नाही. घामाच्या ओलसर जागी पुष्कळदा खपलीही धरत नाही, उथळ फिकट व्रणासारखा दिसतो. रात्री दोन वाजता, भरलेल्या वॉर्डात, पडदा नसताना, एका स्त्रीला कपडे बाजूला करायला सांगणे डॉक्टरला अवघड वाटते. मग तपासणी होत नाही. हे मला समजते. पण त्यानंतर राउंडवर “नो एस्कर” असे म्हटले जाते, ते मात्र मान्य करता येत नाही.

मांडणीत प्रत्येक चिन्हाच्या तीन अवस्था असतात: आहे, नाही, आणि पाहिलेले नाही. तिसरी अवस्था दुसरीसारखी सांगणे ही या कामातली सर्वांत घातक सवय आहे. चुकीचे निदान वरिष्ठ पकडू शकतात, पण न केलेली तपासणी केली म्हणून सांगितली तर ती पकडायला कोणाकडेच साधन नाही. ती पुन्हा कोणी करतही नाही. “एस्कर शोधायचा राहिला, राउंडनंतर सिस्टरना सोबत घेऊन पाहतो” हे वाक्य कोणत्याही राउंडवर निर्धास्तपणे म्हणता यायला हवे. ते ऐकून जे वरिष्ठ चिडतात, ते पुढच्या वेळी खोटे ऐकण्याची व्यवस्था करून ठेवतात.

तपासण्यांचे निकाल सांगताना समस्येनुसार गट करायचे. हिमोग्लोबिन 11.2, पांढऱ्या पेशी 13,400, प्लेटलेट्स 58 हजार, हिमॅटोक्रिट 33. बिलिरुबिन 2.4, यकृताची एन्झाइम्स तीन-चार पटींनी वाढलेली. क्रिअ‍ॅटिनिन 1.4. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात धूसरता, हृदयाचा आकार नेहमीचा. मलेरियाची स्मिअर आणि रॅपिड टेस्ट निगेटिव्ह. रक्ताचे कल्चर आणि स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा पाठवली आहे, निकाल यायचे आहेत. सोडियम-पोटॅशियम नॉर्मल असेल तर ‘नॉर्मल’ एवढेच.

इथवर साधारण तीन मिनिटे झाली. आता तिसरा भाग, असेसमेंट, आणि बहुतेक मांडण्या इथेच कोलमडतात. तरुण डॉक्टर एक तर सगळे निष्कर्ष पुन्हा वाचून दाखवतो, नाहीतर वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहत थांबतो. भीती चुकण्याची असते. पण आधीचे दोन भाग याचसाठी होते. इथे पहिले वाक्य रुग्णाचा सारांश सांगणारे हवे, आणि सारांश म्हणजे निवड: “तरुण शेतमजूर स्त्री, शेतातल्या कामानंतर आठ दिवसांचा ताप, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारा, फुप्फुसे, यकृत आणि प्लेटलेट्स तिन्हींवर परिणाम, काखेत एस्कर, आणि रात्रभरात वाढलेली ऑक्सिजनची गरज.” मग स्वतःचे मत: “मला हा गंभीर स्क्रब टायफस वाटतो, फुप्फुसांना एआरडीएस होऊ घातलेला.”

मत सांगितल्यावर त्याच्या विरुद्ध काय आहे तेही सांगायचे, आणि इतर शक्यता नुसत्या नावांनी मोजायच्या नाहीत. डेंग्यू कमी संभवतो, कारण ताप आठव्या दिवशीही चढलेला आहे, पांढऱ्या पेशी कमी होण्याऐवजी वाढल्या आहेत आणि हिमॅटोक्रिट वाढलेला नाही. ग्रामीण रुग्णालयातली डेंग्यूची रॅपिड आयजीएम पूर्वीच्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. लेप्टोस्पायरोसिस पूर्णपणे बाजूला काढता येत नाही, पण मूत्रपिंडावर फारसा परिणाम नाही, पोटऱ्या दुखत नाहीत आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा उपयोग झालेला नाही. मलेरियाची एकच स्मिअर झाली आहे, ती पुन्हा करावी लागेल. एवढे पुरे. सात नावांची यादी ऐकणाऱ्याला काही देत नाही. दोन-तीन नावे, प्रत्येकाला एक बाजूचे आणि एक विरुद्धचे कारण, यातून तुमचा विचार दिसतो आणि तो तपासता येतो. एस्कर सापडला नसता तरी या मांडणीतून स्क्रब टायफस वरच राहिला असता. दिवसांचा हिशेब आणि न लागू पडलेले औषध त्याच दिशेला बोट दाखवतात.

चौथा भाग योजनेचा, आणि योजनेतली प्रत्येक ओळ असेसमेंटमधल्या एखाद्या समस्येला बांधलेली हवी. पहिली समस्या श्वासाची. ऑक्सिजन चालू ठेवायचा, धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी आता करायची, आयसीयूला आत्ताच कळवायचे. श्वासाची गती 35 च्या वर गेली किंवा मास्कवर ऑक्सिजन 90 च्या खाली आला तर हलवायचे. दुसरी समस्या संसर्गाची. निकालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करायचे. गंभीर स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा चांगला परिणाम मिळतो, हे भारतातल्याच सात केंद्रांवरच्या चाचणीतून 2023 साली प्रसिद्ध झाले आहे, म्हणून हिला दोन्ही. लेप्टोस्पायरोसिसची शक्यता उरली आहे, तेव्हा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तूर्त चालू राहील. तिसरी समस्या रक्तदाबाची. रात्रीपासून वेगाने चालू असलेले फ्लुइड्स थांबवायचे, कारण तिच्या फुप्फुसांत आधीच द्रव झिरपतो आहे. गरज पडल्यास 250 मिलिलिटर द्यायचे, लगेच छाती ऐकायची, सरासरी रक्तदाब 65 च्या खाली राहिला तर नॉरअ‍ॅड्रेनालिन. चौथी, प्लेटलेट्स. 58 हजार आहेत, रक्तस्राव नाही, त्यामुळे प्लेटलेट्स द्यायच्या नाहीत. ब्लड बँकेला गेलेला फॉर्म परत घ्यायचा, आकडा संध्याकाळी पुन्हा पाहायचा.

योजनेत एक गोष्ट सर्रास राहून जाते: मी चुकलो असेन तर ते कशावरून आणि केव्हा कळेल. स्क्रब टायफसचा ताप योग्य औषधावर बहुधा 48 तासांत उतरतो. म्हणून योजनेचे शेवटचे वाक्य असे: “परवा सकाळपर्यंत ताप उतरला नाही तर निदान पुन्हा तपासायचे. एलायझाचा निकाल आज दुपारी मी स्वतः आणतो. संध्याकाळी सहाच्या राउंडला श्वास आणि लघवीचे प्रमाण सांगतो.” कोण, काय, केव्हा हे तिन्ही त्यात आहे. “रिपोर्ट फॉलो-अप करू” या वाक्यात यातले काहीच नाही, आणि अनेक रिपोर्ट त्या वाक्यामुळेच लॅबच्या खिडकीत पडून राहतात.

एक मर्यादाही नोंदवायला हवी. हा क्रम रुग्ण स्थिर असताना किंवा निदान काही मिनिटांची सवड असताना उपयोगाचा आहे. बेड अकराची रुग्ण राउंडच्या वेळी ऑक्सिजन लावूनही 80 वर असती, तर पहिले वाक्य “ही रुग्ण आत्ता बिघडते आहे, आधी हिला पाहा” असे असायला हवे होते, आणि इतिहास नंतर. तसेच आठवडाभर वॉर्डात असलेल्या रुग्णाची रोजची मांडणी अशी नसते. तिथे कालपासून काय बदलले, कालच्या योजनेतले काय झाले आणि काय राहिले, एवढे मिनिटभरात सांगायचे असते. पुस्तकाचा दुसरा भाग त्याविषयी आहे.

वरिष्ठांना एक विनंती. तरुण डॉक्टर बोलायला लागला की पहिली दोन मिनिटे मध्ये बोलू नका. “प्लेटलेट्स किती?” असा प्रश्न तिसऱ्या वाक्यालाच आला की क्रम मोडतो आणि पुन्हा जुळत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो डॉक्टर तुम्हाला आवडणारा आकडाच आधी सांगू लागतो. आणि असेसमेंट त्याच्या तोंडून आल्याशिवाय स्वतःचे निदान सांगू नका, मग ते दारातूनच दिसत असले तरी.

वाचकांनी पुढच्या केसेस डोळ्यांनी वाचून सोडू नयेत. प्रत्येक केसमध्ये इतिहास आणि तपासणी उजव्या पानावर आहे, असेसमेंट आणि योजना पान उलटल्यावर. पान उलटण्याआधी घड्याळ लावून, एखाद्या सहकाऱ्यासमोर मोठ्याने मांडणी करा, तुमचे मत आणि त्याविरुद्धचे एक कारण लिहून काढा, आणि मगच पुढचे पान पाहा.